FEV1 तोच, आजार वेगळा: स्पायरोमेट्रीच्या रिपोर्टवर ऑब्स्ट्रक्शन आणि रिस्ट्रिक्शन कसं ओळखायचं

दोन बायकांचे रिपोर्ट शेजारी ठेवून बोलू. दोघींचं वय पंचावन्नच्या आसपास, उंची १५१ सेंटिमीटर. दोघींना जिना चढताना दम लागतो, दोघींना कोरडा खोकला आहे. पहिलीनं लग्न झाल्यापासून तीस वर्षं बंद स्वयंपाकघरात चुलीवर भाकरी केल्या. दुसरी मुंबईत चौथ्या मजल्यावर राहते. तिच्या खिडकीच्या जाळीबाहेर वर्षानुवर्षं कबुतरं बसतात आणि रोज सकाळी त्यांची घाण तीच झाडते. दोघींच्या रिपोर्टवर FEV1 हा आकडा हुबेहूब एकच आहे: १.१० लिटर. त्या वयाच्या, त्या उंचीच्या बाईकडून १.८५ लिटर अपेक्षित होतं, म्हणजे दोघीही अपेक्षेच्या ५९ टक्क्यांवर.

एवढंच पाहून दोघींना तोच पंप लिहून दिला, तर एकीला थोडं बरं वाटेल आणि दुसरीचं फुफ्फुस कबुतरांच्या धुळीनं आणखी घट्ट होत जाईल. दोघींतला फरक FEV1 सांगत नाही. तो सांगतं FEV1 आणि FVC यांचं गुणोत्तर, आणि तेही FVC नीट मोजलं गेलं असेल तरच. या लेखातला बराचसा भाग त्या 'तरच'वर आहे, कारण रिपोर्ट चुकतात ते बहुतेक तिथेच.

दोन आकडे आणि त्यांचा भागाकार

छाती गच्च भरेपर्यंत श्वास घ्यायचा आणि असेल तेवढ्या जोरानं, शेवटचा थेंब निघेपर्यंत बाहेर फुंकायचा. अशी जी सगळी हवा बाहेर आली ती FVC. त्यातली पहिल्या एका सेकंदात बाहेर पडली ती FEV1. लंडनच्या जॉन हचिन्सननं १८४६ मध्ये स्पायरोमीटरवरचं आपलं काम मांडलं तेव्हा त्यानं फक्त आकारमान मोजलं होतं, म्हणजे किती हवा मावते एवढंच. किती वेळात बाहेर येते हा प्रश्न पॅरिसमध्ये तिफनो आणि पिनेली यांनी १९४७ मध्ये धरला आणि एका सेकंदाची मोजणी आली. ऑब्स्ट्रक्शन आणि रिस्ट्रिक्शन वेगळं करता येतं ते या सेकंदामुळे.

ऑब्स्ट्रक्टिव्ह आजारात, म्हणजे सीओपीडी किंवा दम्यात, फुफ्फुसात हवा मावते, पण बाहेर पडायची वाट अरुंद झालेली असते. मोठ्या हंड्याला बारीक तोटी बसवल्यासारखं. पाणी सगळं निघेल, पण वेळ लागेल. त्यामुळे पहिल्या सेकंदाचा वाटा घटतो. FEV1 जास्त पडतो, FVC त्यामानानं कमी पडतं किंवा पडतच नाही, आणि गुणोत्तर खाली येतं.

रिस्ट्रिक्टिव्ह आजारात वाट मोकळी असते, पण हवाच कमी मावते. फुफ्फुसाला फायब्रोसिस झाला, छातीचा पिंजरा वाकडा झाला, श्वासाचे स्नायू अशक्त झाले किंवा प्ल्युरा जाड झाला, तरी परिणाम हाच. हा हंडा नाही, तांब्या आहे, आणि त्याचं तोंड चांगलं रुंद आहे. FEV1 आणि FVC दोन्ही साधारण एकाच प्रमाणात कमी होतात, म्हणून गुणोत्तर जिथल्या तिथे राहतं. फायब्रोसिसमध्ये ते वरही जातं. ताठ झालेलं फुफ्फुस रबरासारखं पटकन मागे आक्रसतं आणि भोवतालच्या श्वासनलिकांना चहूबाजूंनी ओढून उघडं ठेवतं, त्यामुळे असेल नसेल ती हवा पहिल्याच सेकंदात बाहेर येते.

आता आपल्या दोघी. चुलीवाल्या बाईंचं FVC २.०० लिटर आहे. १.१० भागिले २.०० म्हणजे ०.५५. कबुतरांच्या बाईंचं FVC १.२५ लिटर, आणि १.१० भागिले १.२५ म्हणजे ०.८८. अंश तोच, छेद बदलला, आणि निदानाची दिशा उलटी झाली.

रिपोर्ट वाचण्याआधी फुंकर वाचा

चुलीवाल्या बाईंची पहिली फुंकर मी मुद्दाम बाजूला ठेवली होती. तिच्यात FEV1 १.१० च होता, पण FVC १.४८ लिटर आलं होतं. भागाकार केला तर ०.७४. FVC अपेक्षित २.३० च्या ६४ टक्के. हा कागद एकटा हाती आला असता तर कुणीही लिहिलं असतं: गुणोत्तर सामान्य, FVC कमी, रिस्ट्रिक्शनची शक्यता. मग छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, म्हणजे एचआरसीटी, मग आणखी तपासण्या. आणि खरं दुखणं, सीओपीडी, कागदावर दिसलंच नसतं.

झालं एवढंच होतं की बाईंनी दोन सेकंदांत फुंकणं थांबवलं. अरुंद नळ्यांतून उरलेली अर्धा लिटर हवा संथपणे यायची होती, ती आत राहिली. FEV1 ला याचा फटका बसत नाही, कारण पहिला सेकंद तर पूर्ण झालेला असतो. फटका बसतो तो फक्त छेदाला. छेद लहान झाला की गुणोत्तर फुगतं. म्हणजे फुंकर अर्धवट सोडली तर ऑब्स्ट्रक्शन लपतं आणि वर रिस्ट्रिक्शनचा मुखवटा चढतो. मी पाहिलेल्या चुकीच्या रिपोर्टांत ही चूक सगळ्यांत जास्त वेळा दिसते.

ती पकडायची कशी? रिपोर्टवर दोन आलेख असतात. त्यांतला आकारमान आणि वेळेचा आलेख घ्या, आडव्या अक्षावर सेकंद, उभ्यावर लिटर. रेघ वर चढत जाते आणि शेवटी सपाट व्हायला हवी, पठारासारखी. २०१९ च्या अमेरिकन आणि युरोपियन संस्थांच्या संयुक्त निकषांनुसार शेवटच्या एका सेकंदात आकारमान ०.०२५ लिटरपेक्षा जास्त बदलू नये. पठार येतच नसेल तर १५ सेकंदांपर्यंत फुंकलेलं चालतं. बाईंच्या पहिल्या फुंकरीची रेघ दोन सेकंदांवर चढत असतानाच कापल्यासारखी तुटलेली होती.

इथे एक बारकावा आहे. जुन्या सवयीनं 'सहा सेकंद झाले की नाहीत' एवढंच पाहिलं जातं. कबुतरांच्या बाईंची फुंकर जेमतेम साडेतीन सेकंद चालली, पण दीड सेकंदातच रेघ १.२५ वर जाऊन सपाट झाली होती आणि पुढे तसूभर हलली नाही. ती फुंकर उत्तम आहे. ताठ फुफ्फुस लवकर रिकामं होतं, त्याच्याकडून सहा सेकंद मागण्यात अर्थ नाही. म्हणून घड्याळ नको, रेघेचं शेपूट बघा: तुटलेलं आहे की झोपलेलं?

दुसरा आलेख प्रवाह आणि आकारमानाचा. त्यातून सुरुवात तपासायची. चांगल्या फुंकरीचं टोक लगेच आणि टोकदार उठतं. घुटमळत सुरुवात केली तर टोक बसकं, गोलसर येतं. तशा फुंकरीत पहिल्या सेकंदाची हवा कमी मोजली जाते आणि आता उलटी चूक होते: निरोगी माणसाचंही गुणोत्तर खोटं खाली येतं. पहिल्या सेकंदात खोकला आला तरी तीच गत, आलेखावर करवतीचे दात दिसतात. अशा फुंकरीचा FEV1 धरू नये.

सुधारणा करायची ती बोलण्यातून. नाकाला चिमटा, पाठ ताठ, दोन्ही पाय जमिनीवर, ओठ माउथपीसभोवती घट्ट. त्या बाईंना आमच्या टेक्निशियननं सांगितलं ते साधारण असं होतं: "मावशी, चूल पेटत नाहीये असं समजा आणि फुंकणीत जोर लावा. आणि विस्तव धरला तरी थांबायचं नाही, मी सांगेपर्यंत." मग श्वास भरून घेताना "ओढा, ओढा, अजून," सुटताना एकच मोठ्यांदा "फुंका!", आणि मग खालच्या आवाजात सलग "अजून, अजून, येतंय, सोडू नका, अजून." पडद्यावरची रेघ बघत, ती झोपेपर्यंत. पुढच्या तीन फुंकरींत FVC १.९३, २.०० आणि १.९६ आलं, FEV1 १.०८, १.१० आणि १.०६. स्वीकारण्याजोग्या किमान तीन फुंकरी हव्यात, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोन FVC मध्ये ०.१५० लिटरपेक्षा जास्त फरक नको. FEV1 लाही तोच नियम. इथे फरक ०.०४ आणि ०.०२ आहे, म्हणजे आकडा भरवशाचा. रिपोर्टसाठी सर्वांत मोठं FVC आणि सर्वांत मोठा FEV1 घेतात, मग ते वेगवेगळ्या फुंकरींतले असले तरी चालतं. मोठ्या माणसाकडून आठपेक्षा जास्त वेळा करवून घेऊ नये, थकव्यानं आकडे पडायला लागतात.

आता गुणोत्तर, आणि ते कोणत्या रकान्यातलं

फुंकर पास झाली की सर्वांत आधी गुणोत्तर बघायचं. FEV1 आणि FVC त्यानंतर.

छापील रिपोर्टवर एका सापळ्यापासून जपा. FEV1/FVC या ओळीत प्रत्यक्ष मोजलेलं गुणोत्तर असतं आणि पुढच्या रकान्यात ते अपेक्षित गुणोत्तराच्या किती टक्के आहे तेही छापलेलं असतं. एखाद्याचं मोजलेलं गुणोत्तर ०.६६, अपेक्षित ०.८० असेल तर टक्क्यांच्या रकान्यात ८३ येतं. घाईत नजर त्या ८३ वर पडते आणि 'सत्तरच्या वर आहे, ठीक आहे' असं म्हटलं जातं. प्रत्यक्षात ते ०.६६ आहे. गुणोत्तरासाठी टक्क्यांचा रकाना वाचायचाच नाही.

किती खाली म्हणजे कमी? इथे दोन मोजपट्ट्या आहेत. एक सरळ: ०.७०. सीओपीडीच्या जागतिक मार्गदर्शनात, म्हणजे GOLD मध्ये, हीच वापरतात. पण गुणोत्तर वयाबरोबर आपोआप घसरतं, कारण फुफ्फुसाची लवचीकता निरोगी माणसातही कमी होते. त्यामुळे दुसरी मोजपट्टी जास्त न्याय्य आहे: त्या वय-उंची-लिंगाच्या निरोगी माणसांतले खालचे पाच टक्के जिथून सुरू होतात ती रेषा. रिपोर्टवर ती LLN म्हणून छापलेली असते, किंवा उणे १.६४५ या झेड-स्कोअरनं दाखवतात. पंचविशीतल्या पुरुषाची ही रेषा साधारण ०.७३ च्या आसपास असते, म्हणून त्याचं ०.७१ हे स्थिर मोजपट्टीवर पास होतं आणि त्याचा दमा निसटतो. पंच्याहत्तरीच्या आजोबांची रेषा ०.६४ च्या जवळ येते, म्हणून त्यांचं ०.६७ हे नुसतं वय असू शकतं आणि त्यांच्या माथी उगाच सीओपीडी बसतो. मला विचाराल तर रोजच्या वाचनात LLN धरावी, आणि ०.७० फक्त सीओपीडीचं निदान पक्कं करताना तिच्या जोडीला ठेवावं.

चुलीवाल्या बाईंची रेषा ०.६९ छापलेली होती. त्यांचं ०.५५ दोन्ही मोजपट्ट्यांवर खाली आहे. ऑब्स्ट्रक्शन नक्की. कबुतरांच्या बाईंचं ०.८८ वर आहे. ऑब्स्ट्रक्शन नाही.

मग FVC

गुणोत्तर झाल्यावर FVC कडे यायचं. चुलीवाल्या बाईंचं २.०० हे त्यांच्या खालच्या रेषेच्या, १.७० च्या, वर आहे. कमी झालंय फक्त गुणोत्तर आणि FEV1. हे साधं, स्वच्छ ऑब्स्ट्रक्शन.

कबुतरांच्या बाईंचं १.२५ रेषेच्या खूप खाली आहे, अपेक्षेच्या ५४ टक्के, आणि गुणोत्तर चांगलं आहे. याला रिस्ट्रिक्टिव्ह पॅटर्न म्हणायचं, रिस्ट्रिक्शन नाही. हा शब्दांचा खेळ नव्हे. स्पायरोमीटर फक्त बाहेर आलेली हवा मोजतो. पूर्ण फुंकूनही आत जी हवा उरते ती त्याला दिसत नाही. फुफ्फुसात एकूण किती हवा मावते, म्हणजे TLC, हे कळल्याशिवाय फुफ्फुस लहान झालंय असं सिद्ध होत नाही. त्यासाठी बॉडी प्लेथिस्मोग्राफी लागते, किंवा हेलियम वा नायट्रोजन वापरून केलेली मोजणी. कमी FVC आणि चांगलं गुणोत्तर असलेल्या अनेकांत TLC सामान्य निघतं. कारण स्थूलता असतं, फुंकर अपुरी असते किंवा बारीक श्वासनलिका लवकर मिटून हवा आत अडकलेली असते. उलट दिशेनं मात्र स्पायरोमेट्रीवर चांगला भरवसा ठेवता येतो: FVC सामान्य असेल तर रिस्ट्रिक्शन असण्याची शक्यता फार कमी.

ही अपेक्षित आकड्यांची रेषा कोणासाठी आखलेली आहे तेही रिपोर्टवर बघून घ्या. अपेक्षित आकडे काढायच्या २०१२ च्या GLI या जागतिक समीकरणांत भारतीय उपखंडासाठी वेगळा गट नव्हता. मशीन युरोपियन आकड्यांवर लावलेलं राहिलं तर धडधाकट मराठी माणसाचं FVC सुद्धा कमी छापून येतं आणि खोटं रिस्ट्रिक्शन तयार होतं. गुणोत्तराला याचा त्रास फारसा होत नाही, कारण अंश आणि छेद दोन्ही त्याच माणसाचे असतात. उंची चपलांसकट मोजली किंवा पाठ वाकलेल्या आजींची उभ्या उंचीवरून अपेक्षा काढली तरी FVC ची टक्केवारी बिघडते. पाठ वाकलेली असेल तर दोन्ही हात फैलावून बोटांच्या टोकांपर्यंतचं अंतर मोजून त्यावरून उंचीचा अंदाज घ्यावा.

दोन्ही कमी असतील तेव्हा

गुणोत्तर ०.५८ आणि FVC १.३० असा रिपोर्ट आला की हात आपसूक 'मिक्स्ड' लिहायला जातो. थांबा. तीव्र सीओपीडीत फुंकताना बारीक नळ्या मिटतात आणि हवा मागे कोंडून राहते. आत उरलेली हवा वाढली की बाहेर येणारी कमी होते, म्हणजे फुफ्फुस लहान न होताच FVC पडतं. उलट ते फुगलेलं असतं, एक्स-रेवर डायफ्रॅम खाली सपाट दिसतो. म्हणून अशा वेळी 'ऑब्स्ट्रक्शन, FVC कमी, TLC तपासावं' एवढंच लिहावं. TLC सुद्धा कमी निघालं तरच मिश्र दोष.

साधनं नसतील तर एक सोपी गोष्ट करून बघता येते. जोर न लावता, सावकाश, पूर्ण श्वास सोडायला लावून आकारमान मोजा. हे बऱ्याच मशीनवर SVC म्हणून येतं. जोर नसल्यानं नळ्या कमी मिटतात. सावकाश मोजलेला आकडा FVC पेक्षा स्पष्ट मोठा आला, तर हवा अडकत होती याचा तो चांगला इशारा आहे.

आकार डोळ्यात बसवून घ्या

आकडे जुळवून झाले की प्रवाहाच्या आलेखाशी ताळा घ्या. चुलीवाल्या बाईंच्या आलेखाचं टोक उठतं आणि लगेच कोसळतं, उतरती बाजू आत खचलेली, ताणून बांधलेली दोरी सैल पडून लोंबावी तशी. पुढे लांबलचक शेपूट. कबुतरांच्या बाईंचा आलेख अरुंद आणि उभट, उतार सरळ, जवळपास कड्यासारखा, पाया लहान. आकार एक सांगतोय आणि गुणोत्तर दुसरं, असं झालं तर चूक बहुधा फुंकरीत असते. पहिल्या, बाद केलेल्या फुंकरीतही उतार खचलेलाच होता, फक्त शेपूट कापलं गेलं होतं. ०.७४ या आकड्यावर विश्वास ठेवू नये हे आलेखच सांगत होता.

पंपानंतरची फेरी

गुणोत्तर कमी असेल तर साल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्राम, म्हणजे १०० चे चार पफ, स्पेसरमधून एकेक करून द्यायचे आणि १५ मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावायचं. तपासणीआधी किमान चार तास रिलीव्हर पंप घेतलेला नसावा. चुलीवाल्या बाईंचा FEV1 १.१८ झाला, FVC २.०८, गुणोत्तर ०.५७. वाढ ०.०८ लिटर, अपेक्षित १.८५ च्या चार टक्के. २०२२ च्या निकषानुसार ही वाढ अपेक्षित मूल्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असली तरच ती अर्थपूर्ण. इथे ती नाही, आणि गुणोत्तर पंपानंतरही ०.७० च्या खालीच आहे. चुलीच्या धुराचा इतिहास आणि ही पक्की अडलेली वाट जुळते ती सीओपीडीशी. बाईंनी आयुष्यात कधी विडी ओढलेली नाही म्हणून हे निदान टाळलं जाऊ नये. मोठी सुधारणा दिसली असती तर दम्याकडे वळावं लागलं असतं. दम्यात बऱ्या दिवशी गुणोत्तर अगदी सामान्यही येतं, त्यामुळे एका चांगल्या रिपोर्टनं दमा नाकारता येत नाही.

कबुतरांच्या बाईंना पुढे TLC, फुफ्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो ते मोजणारी DLCO आणि एचआरसीटी सांगायचे. त्यांच्या खिडकीची चौकशी करणं हाही तपासणीचाच भाग आहे. फुफ्फुस सुजवणाऱ्या आणि ताठ करणाऱ्या आजारांच्या गटाला आयएलडी म्हणतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आयएलडी रुग्णांच्या नोंदणीत सर्वांत मोठा गट, जवळपास निम्मा, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचा, म्हणजे श्वासातून आत गेलेल्या धुळीच्या ऍलर्जीसारख्या प्रतिक्रियेनं फुफ्फुस सुजण्याचा, निघाला. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ हे त्याचं ओळखीचं कारण. खरं कारण तेच ठरलं तर कबुतरांचा संपर्क तोडल्याशिवाय कुठलंही औषध पुरं पडत नाही.

पुढच्या भेटीत मात्र दोघींचा वेगवेगळा आकडा लावून धरायचा. कबुतरांच्या बाईंचं FVC बघायचं, कारण आजार वाढला की तेच घटेल. गुणोत्तर ०.८८ चं ०.९० झालं तर ती सुधारणा समजू नये. चुलीवाल्या बाईंचा FEV1 बघायचा. त्यांच्यातही गुणोत्तर हे तीव्रतेचं माप नव्हे: आजार वाढताना हवा अडकून FVC सुद्धा पडलं, तर FEV1 ०.९५ वर घसरलेला असूनही १.७३ नं भागल्यावर कागदावर ०.५५ च दिसेल.